बीपी मोजताना लागलेली लघवी, चाललेले बोलणे, पायावर टाकलेला पाय आणि न टेकलेली पाठ: आकड्यात नेमका किती फरक पडतो?

वारणाकाठ

माझ्या आईचे वय ६१ आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत तिचे बीपी १५८/९४ आले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. आमच्याकडे दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आहे आणि त्यावर गेले काही महिने सकाळचा वरचा आकडा १३० ते १३६ च्या दरम्यान, तर खालचा ८० ते ८४ च्या दरम्यान येतो. रक्तदाबाची एक गोळी ती रोज सकाळी घेते. त्या दिवशीही घेतली होती.

मी तिच्या शेजारीच उभी होते, त्यामुळे जे पाहिले ते लिहिते. एसटीचा दीड तासाचा प्रवास करून आम्ही पोचलो होतो. तिला लघवी लागली होती, पण नंबर जाईल या भीतीने ती रांगेतून उठली नाही. नंबर आल्यावर तिला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवले. ती सवयीप्रमाणे पायावर पाय टाकून बसली. पट्टा फुगत असतानाच "शुगर आहे का, कोणती गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे का" असे प्रश्न सुरू झाले आणि आई एकेकाचे सविस्तर उत्तर देत राहिली. तेवढ्यात आकडा आला आणि कागदावर लिहिलाही गेला.

या चार गोष्टींमुळे वीस-पंचवीसचा फरक पडू शकतो का, की आमचे घरचे यंत्रच कमी दाखवते आहे?

हिशेबी

ताई, याचा हिशेब सरळ आहे. बीपी मोजण्याच्या चुकांचा एक तक्ता अनेक दवाखान्यांत लावलेला असतो. त्यानुसार लघवी लागली असेल तर १०, बोलल्यामुळे १०, पाठ टेकली नसेल तर ५ ते १० आणि पायावर पाय असेल तर २ ते ८ एवढी वाढ होते. कमीत कमी धरले तरी २७ होतात. १५८ मधून २७ वजा केले की १३१ उरतात, आणि तोच आकडा तुमच्या घरी येतो आहे. आईंचे बीपी उत्तम आहे. त्याच रुग्णालयात हा हिशेब दाखवून शस्त्रक्रियेची तारीख घ्या.

संध्याकाळचा_दवाखाना

हिशेबी, तक्त्यातले आकडे तुम्ही बरोबर लिहिले आहेत, पण त्यांचा वापर असा करता येत नाही, आणि एक डॉक्टर म्हणून मला हे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण असाच हिशेब करून गोळ्या सोडणारे रुग्ण मी पाहतो.

तक्त्यातला प्रत्येक आकडा वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या अभ्यासातून आलेला आहे आणि त्या त्या वेळी एकच गोष्ट बदललेली होती. चारही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर त्यांची सरळ बेरीज होते असे त्यातून सिद्ध होत नाही. एकदा लघवी अडवून ठेवल्यामुळे शरीर ताणाखाली असेल, तर त्यावर बोलण्याची भर किती पडेल हे कोणालाही आधी सांगता येणार नाही. शिवाय हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. दक्षिण कोरियात मध्यमवयीन महिलांचे बीपी तीन तासांहून अधिक काळ लघवी रोखल्यावर आणि नंतर लघवी झाल्यावर मोजले गेले होते. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या आकड्यातला सरासरी फरक साधारण चार होता, म्हणजे तक्त्यातल्या दहाच्या निम्म्याहूनही कमी. पण काही जणींमध्ये तो फार मोठा होता, तर काहींमध्ये जवळजवळ नव्हताच. तुमची आई यांपैकी कोणत्या गटात बसते हे तक्ता सांगत नाही.

म्हणून चुकीच्या पद्धतीने आलेल्या आकड्यातून काही वजा करून खरा आकडा काढता येत नाही. तो आकडा बाजूला ठेवायचा आणि नीट बसवून पुन्हा मोजायचे, एवढाच मार्ग आहे.

पायवाट

मला नेमकी उलटी अडचण आहे. माझे बीपी नेहमी १००/६५ च्या आसपास असते आणि बराच वेळ उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. पायावर पाय टाकल्याने बीपी वाढत असेल, तर मी दिवसभर तसे बसावे का?

निवृत्त_सिस्टर

पायवाट, इथे प्रश्न मोजताना होणाऱ्या चुकीचा आहे, पण तुमच्या प्रश्नातूनच त्या चुकीचे कारण समजते, म्हणून उत्तर देते.

ज्यांना उभे असताना घेरी येते त्यांना एक युक्ती शिकवली जाते: अंधारी येत आहे असे वाटताच उभ्या उभ्या एक पाय दुसऱ्यावरून आडवा घ्यायचा आणि मांड्या, पोटऱ्या व नितंबांचे स्नायू घट्ट आवळायचे. पायांत साचलेले रक्त त्यामुळे वर हृदयाकडे ढकलले जाते, हृदय प्रत्येक ठोक्याला थोडे जास्त रक्त बाहेर टाकते आणि दाब वाढतो. ही युक्ती त्या काही क्षणांपुरती आहे. दिवसभर तसे बसून तुमचे बीपी सुधारणार नाही. घेरी वारंवार येत असेल तर तपासून घ्या.

खुर्चीत गुडघ्यावर गुडघा टाकून बसल्यावर सौम्य प्रमाणात हेच घडते. मात्र फक्त घोट्यापाशी पाय आडवे असतील तर आकड्यात लक्षात येण्यासारखा फरक पडत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. मी नोकरीत असताना विद्यार्थिनींना सांगत असे की रुग्णाचे गुडघे पाहा. साडी किंवा चादर असेल तर गुडघे दिसत नाहीत, तेव्हा "दोन्ही पावले जमिनीला टेकवा" असे तोंडाने सांगा. तपासणीच्या उंच टेबलावर बसवलेल्या माणसाचे पाय लोंबकळत असतात, तेही चालत नाही.

वारणाकाठ, तुमच्या वर्णनातली सर्वांत मोठी गोष्ट मला बोलणे ही वाटते. १९८० च्या दशकात अमेरिकेत जेम्स लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस बोलू लागला की बीपीचे काय होते हे यंत्र लावून सलग पाहिले. बोलायला सुरुवात करताच अर्ध्या मिनिटाच्या आत दाब वर जातो आणि गप्प झाल्यावर तो लवकरच खाली येतो, असे त्यांना आढळले. विषय भावनिक असायलाच हवा असे नाही. एखादा साधा उतारा मोठ्याने वाचतानाही तो वाढला. कर्णबधिर लोक हातांच्या खुणांनी बोलत असतानाही वाढ दिसली, म्हणजे हा निव्वळ घशाचा किंवा श्वासाचा परिणाम नव्हता. आता पाहा, पट्टा फुगून पूर्ण सैल होईपर्यंत अर्धे-पाऊण मिनिट लागते. तुमच्या आईला प्रश्न विचारले गेले ते नेमक्या त्याच वेळात.

संध्याकाळचा_दवाखाना

सिस्टरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. पट्टा सैल होत असताना त्याच्या हवेत नाडीच्या ठोक्यांनी जे बारीक हेलकावे उठतात ते स्वयंचलित यंत्र टिपते आणि त्यांवरून आकडे काढते. बोलणारा माणूस हात हलवतो, दंडाचे स्नायू आवळतो. ते हेलकावेही यंत्राला जाणवतात. म्हणजे बोलण्याने दाब खरोखर वाढतो आणि त्याशिवाय यंत्राची गफलतही होऊ शकते. पट्टा मध्येच पुन्हा फुगू लागला, किंवा लागोपाठच्या दोन आकड्यांत दहाहून जास्त अंतर पडले, तर असे काही झाले असण्याची शंका घ्यावी आणि दोन मिनिटे थांबून परत मोजावे.

अण्णा_सातारकर

माझे वय ७४ आहे आणि मला प्रोस्टेटचा त्रास आहे. लघवीला जाऊन आलो तरी पाच मिनिटांत पुन्हा गेल्यासारखे वाटते. त्यातच बीपीसाठी जी गोळी दिली आहे तिनेही लघवी जास्त होते. मूत्राशय रिकामे करून मोजा असे सर्व जण सांगतात, पण माझे ते कधी रिकामे होतच नसेल तर मी बीपी मोजायचे तरी केव्हा? दवाखान्यात गेलो की दरवेळी १५० च्या वर निघते.

निवृत्त_सिस्टर

अण्णा, तुमची अडचण खरी आहे आणि तुमच्यासारखे अनेक जण असतात.

मूत्राशय ताणले गेले की त्याच्या भिंतीतल्या नसांकडून मेंदूला संदेश जातो आणि त्याला प्रतिसाद म्हणून शरीरभरच्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचित होतात. दाब त्यामुळे चढतो. म्हणून ताण किती आहे, आवेग किती जाणवतो आहे, हे महत्त्वाचे. थोडी लघवी शिल्लक राहणे आणि धरवत नाही इतकी तुंबणे यांत फरक आहे. तुम्ही लघवीला जाऊन या, जितकी होईल तितकी होऊ द्या, मग खुर्चीत पाच मिनिटे शांत बसा आणि मोजा. जाऊन आल्याआल्या लगेच पट्टा बांधू नका, कारण उठणे, चालणे, जोर करणे यांनीही आकडा वर जातो. गोळी घेतल्यानंतरचे दोन-तीन तास, जेव्हा तुम्हाला सारखे उठावे लागते, मोजण्यासाठी टाळा. सकाळी गोळीच्या आधी मोजणे तुम्हाला सोयीचे जाईल.

लघवी बरीच शिल्लक राहत असेल तर ते सोनोग्राफीत कळते. तो विषय बीपीपेक्षा वेगळा आहे, पण डॉक्टरांच्या कानावर घालाच.

सोनोग्राफीवरून आठवले म्हणून सांगते. पोटाच्या सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखायला सांगतात आणि त्याच फेरीत कोणीतरी बीपीही मोजून टाकते. तो आकडा फाइलमध्ये कायमचा राहतो. माझ्या मते त्याच्यापुढे "सोनोग्राफीपूर्वी, लघवी रोखलेली" एवढे तरी लिहिले पाहिजे.

वारणाकाठ

सर्वांचे आभार. काल सुटी होती म्हणून आईच्या संमतीने आम्ही घरी एकेक गोष्ट बदलून पाहिली. यंत्र तेच, डावा हात तोच, हात टेबलावर छातीच्या पातळीत. सुरुवातीला ती पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसली. तेव्हा १३४/८२ आणि एका मिनिटाने १३१/८० आले. मग पट्टा फुगत असताना मी तिला त्या दिवशीचेच प्रश्न विचारले: १४७/८८. गप्प करून दोन मिनिटांनी पुन्हा: १३५/८२. गुडघ्यावर गुडघा टाकून: १३७/८२. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाठ न टेकता पाच मिनिटे बसवून: १३४/८७. दुपारी चहा-पाण्यानंतर तिला चांगली लघवी लागली तेव्हा खुर्चीत नीट बसून १४२/८६ आले, आणि जाऊन आल्यावर पाच मिनिटे बसून १३३/८१.

म्हणजे सर्वांत जास्त बोलण्याने, मग लघवीने, आणि पायावर पाय टाकल्याने फारसे काही नाही, असे समजायचे का?

हिशेबी

माझी बेरीज चुकली हे मान्य आहे, पण या आकड्यांतून पाठीचा काही परिणाम होत नाही हे तर दिसतेच आहे. १३४ चे १३४ च राहिले.

संध्याकाळचा_दवाखाना

खालचा आकडा पाहा. तो ८१ च्या आसपास होता, तो ८७ झाला. पाठीला आधार नसेल तर धड सरळ ठेवण्यासाठी पाठीचे आणि पोटाचे स्नायू सतत आवळलेले राहतात, आणि अशा टिकून राहिलेल्या आकुंचनाने खालचा आकडा चढतो. कुशमन आणि सहकाऱ्यांच्या १९९० मधील अभ्यासावरून हीच गोष्ट पुढे मार्गदर्शक सूचनांत आली: पाठ टेकलेली नसेल तर खालचा आकडा साधारण सहाने वाढू शकतो. वरच्या आकड्याकडेच सगळ्यांचे लक्ष असल्यामुळे ही वाढ निसटते. ज्याचा खालचा आकडा खरोखर ८५ आहे तो दवाखान्यातल्या स्टुलावर ९१ चा होतो, आणि दवाखान्यात ९० ही उच्च रक्तदाबाची रेषा असल्यामुळे तेवढ्यावर त्याच्या फाइलवर शिक्का बसतो.

वारणाकाठ, तुम्ही प्रत्येक बदलानंतर सगळ्या बाबतींत मूळ बैठकीवर परत आला असता तर अधिक चांगले झाले असते. बोलण्याच्या आणि लघवीच्या बाबतीत तुम्ही तसे केले आहे, म्हणून त्या दोन निकालांवर माझा जास्त विश्वास बसतो: आकडा चढला आणि कारण काढून घेताच उतरला. पायावर पाय टाकल्यावरचा तीनचा फरक मात्र कशाचाही पुरावा नाही. काही न बदलताही तुमच्या पहिल्या दोन आकड्यांत तीनचा फरक होताच. त्यामुळे "फारसे काही नाही" असेही ठामपणे म्हणता येणार नाही, एवढ्या एका मापनातून ते ठरवता येत नाही इतकेच म्हणता येईल. आणि आता कृपया आईंना पुन्हा लघवी रोखायला लावू नका, या वयात ते बरे नाही.

निवृत्त_सिस्टर

मला एक गोष्ट डॉक्टरांपेक्षा वेगळी वाटते. घरच्या प्रयोगात बोलण्याने बारा-तेराचा फरक पडला, पण तिथे प्रश्न विचारणारी मुलगी होती. रुग्णालयात परक्या माणसापुढे, शस्त्रक्रियेच्या धास्तीने बोलताना तो जास्त असू शकेल. म्हणून १५८ चा आकडा या चार गोष्टींनीच पूर्ण समजावा असा हट्ट नको. प्रवास आणि भीती यांचाही त्यात वाटा असणार.

संध्याकाळचा_दवाखाना

यात वेगळे काही नाही, सिस्टर, मला ते पूर्ण मान्य आहे. म्हणूनच रुग्णालयाला दाखवायला एक दिवसाचा प्रयोग पुरेसा नाही. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी मोजा. सकाळी लघवी झाल्यावर, पण गोळी आणि चहा यांच्या आधी. दर वेळी पाच मिनिटे बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. जे येईल ते सगळे लिहा, आवडलेला आकडा निवडू नका. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीसाठी १३५/८५ ही रेषा धरतात, दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा थोडी खाली. आणि पुढच्या भेटीला यंत्र सोबत न्या, तिथल्या यंत्राशेजारी, त्याच हातावर, पाठोपाठ मोजून घ्या. तुमचे यंत्र कमी दाखवते का याचे उत्तर तिथेच मिळेल. सरासरी कितीही चांगली आली तरी गोळीचा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तिथल्या डॉक्टरांवर सोडा.

मात्र कधी वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा १२० च्या वर आला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे असे काही असेल, तर लघवी आणि पाठ यांचा विचार करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. नुसता आकडाच तेवढा असेल तर शांत बसून पुन्हा मोजा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

माळरान

मी वाड्या-वस्त्यांवर घरोघरी जाऊन बीपी मोजते. बहुतेक घरांत खुर्ची नसते. बाया जमिनीवर मांडी घालून बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि मी तसेच मोजते. मांडी घालणे म्हणजेही पाय आडवे टाकणेच झाले. मग माझे सगळे आकडे चुकीचे का?

निवृत्त_सिस्टर

ताई, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पायावर पाय टाकण्याचे जे अभ्यास वर आले ते खुर्चीत गुडघ्यावर गुडघा टाकून केलेले आहेत. मांडीला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत. आयुष्यभर मांडी घालून बसलेल्या बाईचे स्नायू त्या बैठकीत सैल असतात, आणि खुर्चीत बसवले तर तीच अवघडून जाते, हे मी पाहिलेले आहे.

पण मांडीवर ठेवलेल्या हाताबद्दल मात्र खात्रीने सांगता येते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या २०२४ मधील अभ्यासात खुर्चीत बसलेल्यांचा हात टेबलाऐवजी मांडीवर ठेवला तेव्हा दोन्ही आकडे सुमारे चारने वाढले, आणि नुसता खाली सोडला तेव्हा वरचा साडेसहाने वाढला. म्हणून भिंतीला पाठ टेकवून बसवा आणि कोपराखाली पाट, डबा किंवा घडी घातलेली वाकळ देऊन दंड छातीच्या पातळीत आणा. दर भेटीत तसेच बसवा आणि वहीत "जमिनीवर, मांडी" अशी नोंद करा.

माळरान

आज तीन घरांत भिंतीला टेकवून आणि हाताखाली पत्र्याचा डबा ठेवून मोजले. दोघींचा आकडा मागच्या खेपेपेक्षा कमी आला, तिसरीचा होता तसाच राहिला. तिसरी मात्र मी पट्टा बांधताच सुनेला हाका मारत होती, ती गप्प बसेना.

निवृत्त_सिस्टर

मग तिसरीचे उद्या पुन्हा मोजा. आणि दोघींचा कमी आला तो डब्यामुळे, भिंतीमुळे की तुमची दुसरी भेट असल्यामुळे, हे अजून सांगता येणार नाही. एखाद्या घरी खुर्ची मिळाली तर त्याच बाईचे आधी मांडीवर आणि मग खुर्चीवर मोजून पाहा, पुढच्या घरी क्रम उलटा करा. महिनाभराचे आकडे इथे लिहा. मांडीचा प्रश्न मलाही अजून सुटलेला नाही.